ओमा, झी आणि आपले दोन हात

अलीकडेच एका रात्री भाचीचा फोन आला. जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून लागून तिला तीन आठवडे झालेत. आवाज ऐकूनच कळलं की पोरगी रडून मोकळी झाली आहे आणि आता फक्त कुणाशी तरी बोलायचं आहे.

झालं असं. तिच्या वॉर्डात चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक बाई होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, भेटायला फारसं कुणी येत नव्हतं. आमची भाची साताऱ्याकडची, घरात आजीच्या मांडीवर वाढलेली. तिनं सकाळी पडदा सरकवला, बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेनं म्हणाली, "गूटन मॉर्गन, ओमा!" ओमा म्हणजे आजी. बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मी तुमची आजी नाही. मला नाव आहे." दुपारी वॉर्डच्या प्रमुख बाईंनी भाचीला बोलावून सांगितलं की तक्रार आली आहे, पुन्हा असं करू नका.

"मामा, मी शिवी दिली का रे तिला? आपल्याकडं सिव्हिलमध्ये म्हाताऱ्या बाईला 'ए पेशंट' म्हणतात, ते चालतं. मी आजी म्हटलं तर तक्रार? आणि ती मला श्वेस्टर म्हणते, म्हणजे बहीण. ती मला बहीण म्हणणार, आणि मी आजी म्हटलं की राग?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. त्याचं उत्तर तिला फोनवर दिलं, पण ते इथं सविस्तर लिहावंसं वाटलं. कारण आता ही एका घरातली गोष्ट राहिलेली नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. आपल्या गावोगावची पोरं-पोरी जर्मन शिकायला लागली आहेत. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, हॉटेलात काम करणारे. क्लासमध्ये व्याकरण घोटून घेतात, बी-वन, बी-टूच्या परीक्षा होतात. पण सकाळी कामावर गेल्यावर पहिल्या मिनिटाला काय करायचं, कुणाला काय म्हणायचं, हात जोडायचे की पुढं करायचा, हे कुणी नीट शिकवत नाही. आणि माणसाबद्दलचं मत तर त्या पहिल्या मिनिटातच तयार होतं. तिथं नोकरीचे पहिले सहा महिने बहुतेक ठिकाणी परीक्षेचा काळ असतो आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवता येतं. त्यामुळे ही नुसती शिष्टाचाराची गोष्ट नाही, पोटाची आहे.

मी स्वतः त्याच भागात एका मशीन बनवणाऱ्या कारखान्यात आठ वर्षं काढली. माझी फजिती भाचीपेक्षा मोठी होती, म्हणून अधिकारानं सांगतो.

पहिल्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये गेलो आणि ओळीनं सगळ्यांना वाकून, हात जोडून नमस्कार केला. चौदा माणसं होती. काही गोंधळली, दोघातिघांनी हसत हात जोडून दाखवले. मला वाटलं, छान झालं. दुसऱ्या दिवसापासून एक जण मला बघितलं की हात जोडून, डोळे मिटून "नमस्तेऽऽ" म्हणायला लागला. महिन्याभरात ते माझं टोपणनावच झालं. त्यात वाईट हेतू नव्हता. पण त्यांच्याकडे जोडलेले हात तीनच ठिकाणी दिसतात: चर्चमध्ये प्रार्थनेला, काकुळतीनं काही मागताना, आणि योगाच्या क्लासमध्ये. मी मशीनवर काम करायला आलेला फिटर होतो, आणि त्यांना दिसला योगगुरू. माझं काम दिसायच्या आधी माझे हात दिसले.

मग मी तोंड बंद ठेवून आठवडाभर नुसतं बघितलं. तुम्हीही हेच करा. कारण पुस्तकात जे असतं आणि वर्कशॉपमध्ये जे चालतं, त्यात फरक असतो.

बघितल्यावर कळलं ते असं. जो आत येतो, तो आधी बोलतो. मग तो मालक असो नाहीतर काल लागलेला पोरगा. आपल्याकडे उलटं असतं. साहेब आत आले की बसलेली माणसं उठून नमस्कार करतात आणि साहेबांनी मान हलवली तर हलवली. तिथं कंपनीचा प्रमुख जरी वर्कशॉपमध्ये आला, तरी "गूटन मॉर्गन" आधी त्यानंच म्हणायचं. आणि आपण आत गेलो, कुणी आपल्याकडे बघत नाही म्हणून गपचूप आपल्या जागेवर जाऊन बसलो, तर आपल्याला वाटतं की आपण नम्रपणे वागलो, कुणाच्या कामात अडथळा आणला नाही. त्यांना वाटतं, हा माणूस घमेंडी आहे, साधं विचारतही नाही. लिफ्टमध्ये शिरताना, डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत शिरताना सुद्धा अनोळखी माणसांना एक "हालो" किंवा त्या दक्षिण भागात "ग्र्यूस गॉट" म्हणायची रीत आहे.

दुसरं म्हणजे हात मिळवणं. माझ्या वर्कशॉपमध्ये सकाळी येणारा प्रत्येक जण प्रत्येकाशी हात मिळवायचा. हात घट्ट धरायचा, एकदा-दोनदा हलवायचा, सोडायचा आणि त्या वेळी समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. आपली इथं गडबड होते. आपण मोठ्या माणसासमोर नजर खाली ठेवतो, हात सैल देतो, तो आदर असतो. तिथं खाली गेलेली नजर म्हणजे हा काहीतरी लपवतोय. वरिष्ठ माणूस असेल तर हात त्यानं पुढे करण्याची वाट बघायची, एवढंच. हाताला तेल लागलेलं असेल तर माणूस मूठ आत वळवून मनगट पुढे करतो आणि तुम्ही ते मनगट धरायचं. दहा जण टेबलाभोवती बसले असतील तर प्रत्येकाकडे जायची गरज नाही, टेबलावर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक केलं की सगळ्यांना नमस्कार पोचला. दुपारी अकरानंतर जिन्यात कुणी भेटलं की "माल्त्साइट", शब्दशः जेवणाची वेळ. हे पहिल्यांदा ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आपलं "जेवलात का?" हेच की. फक्त उत्तरात काय भाजी होती ते सांगायचं नसतं, उलट "माल्त्साइट" म्हणायचं आणि पुढं जायचं.

हे सगळं पंधरा दिवसांत जमतं. खरी अडचण पुढं आहे, आणि ती नावाची आहे.

जर्मन भाषेत समोरच्याला बोलण्याचे दोन शब्द. 'झी' आणि 'डू'. झी मराठीतला झी नव्हे, पण उच्चार तोच. क्लासमध्ये शिकवतात की झी म्हणजे तुम्ही आणि डू म्हणजे तू. मराठी माणसाला वाटतं, चला, हे तर आपल्याला येतंच, इंग्रजीवाल्यांना अवघड जात असेल. आणि तिथंच आपण फसतो. कारण शब्द दोन असले तरी हिशेब वेगळा आहे.

आपलं तू-तुम्ही म्हणजे शिडी आहे. मी साहेबांना "अहो, तुम्ही" म्हणतो, साहेब मला "अरे, तू" म्हणतात. शिपायाला तर कुणीही, वय न बघता, अरे-तुरे करतो. वर तुम्ही, खाली तू. जर्मनीत मोठ्या माणसांमध्ये अशी शिडी नाही. मालक मला झी म्हणणार असेल तर मीही त्याला झी. मी त्याला डू म्हणत असेन, तर तोही मला डू. सफाई करणाऱ्या बाईलाही झी आणि आडनावाच्या आधी 'फ्राउ', पुरुष असेल तर 'हेर'. एकानं तुम्ही आणि दुसऱ्यानं तू, असं मोठ्या माणसांत झालं तर तो अपमान. म्हणजे तिथं प्रश्न तू मोठा की मी मोठा हा नसून आपण किती जवळचे, हा असतो. झी म्हणजे आदरानं राखलेलं अंतर, डू म्हणजे दोघांनी मिळून कमी केलेलं अंतर.

हे अंतर कमी करायचं कुणी? तर सुचवायचा मान नोकरीत वरच्या पदावरच्याचा, आणि पद सारखं असेल तर वयानं मोठ्याचा. आपण नवखे असताना आपणहून डू करायचं नाही. कुणी "आपण डू म्हणू या का?" असं विचारेल किंवा नुसतंच हात पुढे करून स्वतःचं पहिलं नाव सांगेल. हे नाव सांगणं म्हणजेच निमंत्रण. त्यावर आपण आपलं पहिलं नाव सांगायचं. झालं. एकदा डू झालं की परत झी करायचं नाही, ते मैत्री तोडल्यासारखं होतं. अलीकडे बऱ्याच कंपन्यांत पहिल्या दिवसापासूनच सगळे डू असतात. २०१६ मध्ये हॅम्बर्गच्या ओटो या मोठ्या कंपनीच्या प्रमुखानं आपल्या हजारो कर्मचाऱ्यांना एकदमच डू देऊ केलं होतं, त्याची तिथं केवढी चर्चा झाली. पण बँकेत, सरकारी कार्यालयात, पेशंटशी बोलताना झीच. कुठं काय चालतं ते ओळखायची एक सोपी खूण आहे: सोबतचे लोक ईमेलच्या शेवटी नुसतं पहिलं नाव लिहितात की पूर्ण नाव, ते बघा.

आता माझी फजिती. आमचा वर्कशॉप प्रमुख, त्याला तिथं माइस्टर म्हणतात, अठ्ठावन्न वर्षांचा होता. माझ्या वडिलांच्या वयाचा. मी त्याला "येस सर" म्हणायचो. दोन दिवसांनी तो म्हणाला, "ही फौज नाही." तिसऱ्या महिन्यात एका शुक्रवारी काम संपल्यावर त्यानं हात धुतले, माझ्यासमोर येऊन हात पुढं केला आणि स्वतःचं पहिलं नाव सांगितलं. मी माझं नाव सांगितलं, हात मिळवला. पण सोमवारी तोंडातून शब्द फुटेना. वडिलांच्या वयाच्या माणसाला, त्यातून साहेबाला, एकेरी नावानं हाक मारायची आणि वर तू म्हणायचं? माझ्या घरात मी वडिलांनाही कधी तू म्हटलेलं नाही.

मग मी एक युक्ती काढली. तू पण नाही आणि तुम्ही पण नाही अशी वाक्यं बनवायला लागलो. "तुझ्याकडे चावी आहे का?" असं न विचारता "चावी कुठं असेल बरं?" "तू बघशील का?" च्या जागी "हे बघायला हवं." अडीच महिने असं चाललं. मला वाटायचं कुणाला कळत नाही. एक दिवस माइस्टरनं जेवायच्या सुट्टीत मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "माझं काही चुकलं का? मी तुला डू दिलं आणि तू मला एकदाही नावानं हाक मारली नाहीस. तुला माझ्याशी ओळख नको असेल तर तसं सांग, मी वाईट वाटून घेणार नाही."

मी चाट पडलो. मी ज्याला आदर समजत होतो, तो त्याला नकार वाटत होता. त्यानं दार उघडलं होतं आणि मी अडीच महिने उंबऱ्यावर उभा होतो, आत येत नव्हतो.

त्या रात्री खूप विचार केला, आणि एक गोष्ट डोक्यात लख्ख आली. मी तू कुणाकुणाला म्हणतो? आईला. आजीला. मामाला. आणि पांडुरंगाला! अख्ख्या महाराष्ट्रात देवाला अहो-जाहो करणारा भक्त शोधून दाखवा. आपण ज्याला सगळ्यात जास्त मानतो त्यालाच तू म्हणतो, कारण तो आपला असतो. म्हणजे तू मध्ये अनादर नसतोच, अनादर असतो तो एकतर्फी तू मध्ये, शिडीवरून खाली फेकलेल्या तू मध्ये. गंमत म्हणजे जर्मन लोकही प्रार्थनेत देवाला डूच म्हणतात. माइस्टरनं मला जो शब्द दिला होता, तो साहेबाचा शिपायाला म्हणायचा तू नव्हता. तो आईचा तू होता. आणि तो शब्द माझ्याकडे लहानपणापासून होता, फक्त मी चुकीच्या कप्प्यात शोधत होतो.

मंगळवारी सकाळी मी त्याला नावानं हाक मारली. जीभ अडखळली. तो हसला आणि कामाला लागला. एवढंच.

आता कुणी म्हणेल, मग आपलं काय राहिलं? हात जोडणं गेलं, साहेब गेलं, अहो गेलं. म्हणजे आपण त्यांच्यासारखेच व्हायचं का?

नाही. मी काय ठेवलं ते सांगतो. हात जोडणं मी सोडलं नाही, त्याची जागा बदलली. रोज सकाळी हात मिळवणं, आणि हात जोडणं फक्त तेव्हा, जेव्हा मला खरोखर त्याचा अर्थ द्यायचा असेल. जुना सहकारी निवृत्त झाला, तेव्हा शेवटच्या दिवशी मी त्याच्याशी हात मिळवला, मग एक पाऊल मागं होऊन हात जोडले. कुणी हसलं नाही. जो मला 'नमस्तेऽऽ' म्हणायचा, तोही नाही. रोजचं झालं असतं तर ते गमतीचं राहिलं असतं, तीन वर्षांतून एकदा झालं म्हणून त्याला वजन आलं. एका जोडीदाराची आई वारली, तेव्हाही तेच. शब्द माझ्याकडे पुरेसे नव्हते, हात होते.

आणि मग मार्च २०२० उजाडला. कोरोना पसरत होता. जर्मनीचे गृहमंत्री झेहोफर यांनी एका बैठकीत चान्सलर मर्केल यांनी पुढं केलेला हात घेतला नाही, मर्केल हसल्या आणि हात वर करून बसल्या. तो प्रसंग सगळ्या टीव्हीवर दाखवला. त्याच महिन्यात फ्रान्सच्या मॅक्राँनी स्पेनच्या राजाचं स्वागत हात जोडून केलं. आणि आमच्या वर्कशॉपमध्ये सगळे माझ्याकडे वळले: "अरे, ते तुझं नीट कसं करतात?" मी दाखवलं. डोळे मिटायचे नाहीत, बघायचं. वाकायचं नाही, मान किंचित झुकवायची. माइस्टरनं तेलकट हात जोडले आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. माझा नमस्कार आणि त्यांची नजर, दोन्ही त्या एका कृतीत आलं होतं.

एक सावधगिरीची गोष्टही सांगायला हवी. आपली रीत ठेवायची, पण सगळ्यांशी सारखी. २०२० मध्येच त्याच बाडेन-व्युर्टेमबर्गच्या उच्च प्रशासकीय न्यायालयानं एका परदेशी डॉक्टरला नागरिकत्व नाकारण्याचा निर्णय कायम ठेवला, कारण तो धार्मिक कारणानं बायकांशी हात मिळवत नव्हता. मला स्वतःला तो निकाल कडक वाटतो. उत्तम डॉक्टर आहे, पेशंटना बरं करतो, एका हस्तांदोलनावरून एवढं? पण त्यातून तिथल्या समाजाला काय बोचतं ते कळतं. हात न मिळवणं हे एकवेळ चालून जाईल, पण एकाशी मिळवायचा आणि दुसरीशी नाही, हे त्यांना सहन होत नाही. आपल्या एखाद्या बाईला पुरुषांशी हात मिळवणं अवघड वाटत असेल तर तिनं छातीशी हात नेऊन, मान झुकवून, हसून "गूटन मॉर्गन" म्हणावं. पण मग ते बायकांनाही तसंच करावं, साहेबालाही आणि झाडूवाल्यालाही. लोक चार दिवसांत शिकतात की ही हिची पद्धत आहे.

आता परत भाचीकडे. मी तिला सांगितलं, अगं, श्वेस्टर हे तिथं नात्याचं नाव राहिलेलं नाही. पूर्वी ननबाई रुग्णसेवा करायच्या, त्यातून ते कामाचं नाव झालं, आपल्या सिस्टरसारखंच. कित्येक हॉस्पिटलांत आता तेही बंद होऊन नर्सच्या बिल्ल्यावर फ्राउ आणि आडनाव येतं. ओमा मात्र अजून नात्याचंच आहे. घराबाहेर कुणी ओमा म्हटलं की त्यांना ऐकू येतं, 'ए म्हातारे'. आणि विचार कर, त्या बाई हॉस्पिटलात आहेत. अंगावरचे कपडे हॉस्पिटलचे, जेवण हॉस्पिटलचं, संडासला जायलाही दुसऱ्याची मदत. या सगळ्यात त्यांचं स्वतःचं उरलंय काय? आडनाव. तू मायेनं तेवढंच नेमकं काढून घेतलंस.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे माया करायचीच नाही का?"

म्हटलं, कर की. शब्दात करू नको, हातात कर. आपण इथं काय करतो? आजी म्हणतो आणि न विचारता अंगावरचं पांघरूण ओढतो. तू उलटं कर. दारावर टकटक कर, आत जा, फ्राउ आणि आडनाव घे, झी म्हण. उभ्यानं बोलू नको, स्टूल ओढून त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला बस. हात लावायच्या आधी सांग की आता मी हात लावणार आहे. आणि झोप लागली का असं विचारलंस तर उत्तर पूर्ण ऐकून मगच उठ. त्यांच्याकडे कसं काय विचारणं हा नुसता उपचार नसतो, विचारलं तर माणूस खरं सांगतो. ऐकायला वेळ नसेल तर विचारू नको.

"आणि माफी?" तिनं विचारलं. म्हटलं, साधी माग. कारणं देऊ नको, आमच्याकडं असं असतं वगैरे एका वाक्यात संपव.

काल तिचा मेसेज आला. तिनं दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं होतं, "माफ करा. आमच्याकडे मान द्यायला आजी म्हणतात. मी इथली रीत शिकते आहे." त्या बाई म्हणाल्या, "मग तुम्ही आडनाव नीट उच्चारायला शिका, आणि मी तुमचं शिकते." चार दिवस दोघींचा हा अभ्यास चालला. काल बाईंना घरी सोडलं. निघताना त्यांनी हात पुढे केला, भाचीनं तो धरला आणि मग सवयीनं तिचे हात जोडले गेले. बाईंनी काठी बगलेत धरून, जमेल तसे, आपलेही हात जोडले. झी शेवटपर्यंत राहिलं. ओमा कुणी म्हटलं नाही.

शेवटी दोन गोष्टी, एक त्यांच्यासाठी जे पोरांना पाठवतात, आणि एक आपल्या सगळ्यांसाठी.

जर्मनचे क्लास चालवणाऱ्यांनी आणि सरकारनं, शेवटच्या महिन्यात फक्त तीन दिवस यासाठी ठेवावेत. तिथं काम करून परत आलेली माणसं आता पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात सहज मिळतात. त्यांना बोलवा. पोरांना खोलीत शिरून आधी बोलायला लावा, नजर न झुकवता हात मिळवायला लावा, साठीच्या माणसाला नावानं हाक मारायला लावा. चारचौघांत हसत-हसत चुका होऊ द्या. तिथं एकट्यानं चुकण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

आणि आपल्यासाठी. मी परत आलो त्याला आता काही वर्षं झाली. पहिल्या दिवशी इथल्या ऑफिसात शिरताना गेटवरच्या वॉचमन काकांना मी आधी "नमस्कार" म्हटलं आणि नाव विचारलं. ते गडबडून उभेच राहिले. त्यांना वाटलं काहीतरी चुकलंय. पासष्ट वर्षांचा माणूस, आणि पंचविशीतली पोरं त्यांना "ए, गेट उघड" म्हणतात. माणसाला आपण माणूस म्हणून आधी नमस्कार केला तर तो दचकतो, अशी वेळ आपण आणून ठेवली आहे. जर्मनीत जाऊन मी हात जोडणं विसरलो नाही. उलट, हात वरच्याला नाही, समोरच्याला जोडायचे असतात, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

तुमच्यापैकी कुणी बाहेर काम केलं असेल, आखातात, जपानात, इंग्लंडात, कुठंही, तर पहिल्या दिवशीची फजिती खाली लिहा. जाणाऱ्या पोरांच्या कामी येईल.